रात्र जागवणाऱ्यांना चार ओळी

महाशिवरात्रीचा संदेश बहुतेक लोक सकाळी सातला पाठवून मोकळे होतात. निळा शंकर, मागे हिमालय, वर अक्षरं, खाली पाठवणाऱ्याच्या दुकानाचं नाव. ज्यांना नुसती सुट्टी आहे त्यांना तो चालतो. पण आपल्या ओळखीत दोन-चार माणसं अशी असतात की ती त्या दिवशी खरोखर उपाशी असतात आणि रात्रभर जागतात. कुणाची आई, कुणी ऑफिसातल्या ताई, कुणी लहानपणचा मित्र. त्यांच्या फोनवरही तेच चित्र जातं, आणि पंचाईत अशी की सकाळी सातला त्यांच्या व्रताचा मुख्य भाग सुरूही झालेला नसतो. अशा माणसाला चार ओळी लिहायच्या असतील तर त्याची ती रात्र कशी जाते एवढं आधी माहीत हवं. मग शब्दांची फारशी अडचण पडत नाही.

आपल्याकडच्या बहुतेक सणांची तिथी सूर्योदयाला कोणती आहे ते पाहून ठरते. महाशिवरात्रीचं तसं नाही. मध्यरात्रीला चतुर्दशी हवी, ही इथली मुख्य अट. २०२६चं उदाहरण बघा. रविवारी, १५ फेब्रुवारीला सकाळी पंचांगात त्रयोदशी होती. चतुर्दशी लागली संध्याकाळी पाचच्या सुमारास आणि संपली सोमवारी संध्याकाळी साडेपाचच्या आसपास. सूर्योदयाचा नियम लावला असता तर महाशिवरात्र सोमवारी आली असती. पण सोमवारच्या मध्यरात्री अमावास्या होती, म्हणून व्रत रविवारचं. ‘कॅलेंडरवर चतुर्दशी तर उद्या लिहिली आहे, तुम्ही आज कसा उपवास केलात’ असा प्रश्न ज्यांनी त्या रविवारी कुणाला विचारला असेल, त्यांना याचं उत्तर हेच. निदान शुभेच्छा देताना तो विचारू नये.

उत्तरेकडच्या मित्राला लिहिताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. आपण अमावास्येला महिना संपवतो, ते पौर्णिमेला. त्यामुळे आपली माघ वद्य चतुर्दशी त्यांची फाल्गुन कृष्ण चतुर्दशी होते. रात्र एकच. लखनौच्या माणसाला कौतुकाने ‘माघ वद्य चतुर्दशी’ लिहिलंत तर तो बिचारा पंचांग काढून बसेल. नुसतं ‘महाशिवरात्र’ लिहावं.

आता त्या रात्रीची घडण. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंतच्या वेळाचे चार सारखे भाग म्हणजे चार प्रहर, आणि प्रत्येक प्रहराची एक पूजा. याला यामपूजा म्हणतात. फेब्रुवारीच्या मध्याला पुण्यात सूर्य सुमारे सहा पस्तीसला मावळतो आणि सातच्या सुमारास उगवतो. म्हणजे रात्र जवळजवळ साडेबारा तासांची, आणि एक प्रहर तीन तासांहून थोडा जास्त. पहिला प्रहर पावणेदहाच्या आत संपतो, दुसरा पावणेएकला, तिसरा चारच्या जरा अलीकडे, आणि चौथा उजाडताना. बऱ्याच घरांत आणि देवळांत चारही पूजांचा अभिषेक वेगळा असतो: पहिल्याला दूध, दुसऱ्याला दही, तिसऱ्याला तूप, चौथ्याला मध. याच रात्रीचे पंधरा भाग पाडले तर त्यातला मधला, आठवा, तो निशीथकाल. पुण्याच्या या हिशेबात तो साधारण बारा वीस-पंचवीस ते एक दहा असा पाऊण तासाहून थोडा अधिक येतो. दिनदर्शिकांत छापलेली निशीथकालाची वेळ म्हणजे हीच.

सगळेच चार पूजा करतात असं नाही. कुणी देवळात रुद्राच्या आवर्तनांना बसतं. अकरा आवर्तनांची एकादशणी झाली तर एका बैठकीत आटोपते, लघुरुद्र म्हणजे एकशे एकवीस आवर्तनं, तो ब्रह्मवृंद वाटून घेतो तेव्हाच उरकतो. कुणी घरीच श्रीधरस्वामींचं ‘शिवलीलामृत’ वाचतं, कुणी जप करतं, कुठे भजनी मंडळ पहाटेपर्यंत उभं असतं. उपवासही एका जातीचा नसतो. कुणाचा निर्जळी, कुणाचा फक्त दूध-फळांचा, कुणाचा वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळी आणि कवठाची चटणी असा. पण बहुतेकांत एक गोष्ट सारखी असते, आणि संदेश लिहिणारे नेमके तिथेच घसरतात. सोमवारचा उपवास संध्याकाळी सुटतो. महाशिवरात्रीचा सुटत नाही. तो एकादशीसारखा दुसऱ्या दिवशी सुटतो, त्याला पारणं म्हणतात. रात्री आठ वाजता ‘काय, सोडला का उपवास?’ असं विचारणाऱ्याला वाटतं आपण आपुलकी दाखवली. समोरच्याला कळतं की याला काहीच माहीत नाही. पारण्याची वेळही तिथीवरून ठरते. २०२६मध्ये चतुर्दशी सोमवारी संध्याकाळपर्यंत असल्यामुळे सोमवारी सकाळीच, चतुर्दशी असतानाच पारणं करायचं होतं. तिथी रात्रीच लवकर संपली असेल तर हिशेब वेगळा होतो. तो आपण करायची गरज नाही, व्रत करणाऱ्याने केलेला असतो.

एवढं समजलं की संदेश कधी पाठवायचा हे आपोआप ठरतं. सगळ्यात चांगली वेळ दुपारची, चार ते सहा. तेव्हा माणूस फुलं-बेल निवडत असतो, अंघोळीची तयारी करत असतो, फोन अजून हाताशी असतो. सूर्यास्तानंतर बरेच जण फोन बाजूला ठेवतात. मध्यरात्रीच्या आसपास तर काहीही पाठवू नये. ‘बरोब्बर निशीथकाली शुभेच्छा’ ही कल्पना आपल्याला गोड वाटते, पण गाभाऱ्यात अभिषेक चालू असताना कुणाच्या तरी पिशवीत टुंग असा आवाज होतो तो आपलाच असतो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ ते बारा या वेळात फोन तर करूच नये. रात्रभर जागलेला माणूस पारणं करून नुकताच आडवा झालेला असतो.

आता मजकूर. समजा ऑफिसातल्या वयाने मोठ्या सहकारी आहेत, त्यांना आपण ताई म्हणतो आणि अहो-जाहो करतो. दरवर्षी त्यांचा निर्जळी उपवास असतो आणि रात्री त्या गावातल्या शंकराच्या देवळात चारही पूजांना थांबतात. त्यांना लिहायचं आहे. हात आपोआप असं काहीतरी लिहितो:

‘आदरणीय ताई, महाशिवरात्रीच्या पावन पर्वानिमित्त आपणांस व आपल्या परिवारास हार्दिक शुभेच्छा. भगवान शंकर आपल्या सर्व मनोकामना पूर्ण करोत व आपणांस उत्तम आरोग्य, ऐश्वर्य आणि सुखसमृद्धी लाभो, हीच ईशचरणी प्रार्थना.’

यात चूक काही नाही. पण हा मजकूर चौकातल्या फलकावर जसाच्या तसा चालेल, आणि तिथे तो लागलेलाही असतो. ताईंनी आज काय मांडलं आहे याचा त्यात मागमूस नाही. शिवाय मागणं त्यांच्या तोंडी नसलेलं आहे. दिवसभर पाणीही न घेता रात्रभर बसणाऱ्या बाईला त्या दिवशी ऐश्वर्य हवं असेलच असं नाही. व्रत धरणाऱ्याची त्या दिवसाची पहिली इच्छा साधी असते: हाती घेतलेलं निर्विघ्न पार पडावं. पाय भरून येऊ नयेत, डोळा लागू नये, तिसऱ्या प्रहराला भटजी वेळेवर यावेत. आपणही तेवढंच मागावं.

दुसरा प्रयत्न:

‘ताई, आज महाशिवरात्र! तुमच्या श्रद्धेला आणि जिद्दीला सलाम. पाणीही न पिता रात्रभर जागायचं, मला तर कल्पनाही करवत नाही. तब्येतीला सांभाळा, थोडं लिंबूपाणी घ्यायला काय हरकत आहे? फोटो नक्की पाठवा.’

हा पहिल्यापेक्षा आपुलकीचा आहे, पण वागणूक म्हणून वाईट आहे. व्रताचं कौतुक केलं की करणाऱ्याला संकोच होतो, कारण त्यांच्या लेखी तो पराक्रम नाही. लिंबूपाण्याचा सल्ला म्हणजे त्यांनी सकाळी सोडलेल्या संकल्पाला संध्याकाळी चाट मारणं. आणि फोटोची मागणी म्हणजे एक काम अंगावर टाकणं. तब्येतीची काळजी खरी असेल, त्यांना मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत, तर ती आदल्या दिवशी प्रत्यक्ष बोलावी. तेव्हा हेही सांगता येईल की व्रताला बाध आणत नाहीत अशा आठ गोष्टी धर्मशास्त्रात मोजल्या आहेत, त्यांत पाणी, दूध आणि औषध आहे. गोळी घेतल्याने उपवास मोडत नाही, हे शास्त्राच्याच आधाराने पटतं. निर्जळी करावा की नाही हा प्रश्न तर त्यांच्या डॉक्टरांचा. शुभेच्छेच्या ओळीत मात्र यातलं काही येऊ नये.

तिसरा प्रयत्न:

‘ताई, नमस्कार. आज तुमचा उपवास आणि रात्रीचं जागरण. चारही प्रहरांच्या पूजा मनासारख्या होवोत. उद्या ऑफिसच्या कामाची काळजी करू नका, सकाळचं मी बघते. उत्तर लिहायच्या भानगडीत पडू नका. हर हर महादेव.’

हा जमला. का जमला ते सांगतो. पहिल्याच वाक्यात कळतं की लिहिणारीला ताईंचा नेम माहीत आहे. मागितलं आहे ते त्यांच्याच मनातलं. त्यात एक प्रत्यक्ष उपयोगाची गोष्ट आहे, जी लिहिणारी खरोखर करणार आहे. आणि उत्तराची अपेक्षा नाही हे उघड सांगितलं आहे. मोठ्या माणसांना आलेल्या प्रत्येक संदेशाला हात जोडलेलं चित्र पाठवल्याशिवाय चैन पडत नाही, त्यांना ही मोकळीक फार बरी वाटते. ‘सकाळचं मी बघते’ हे करता येणार नसेल तर लिहू नये. त्याऐवजी दुसरं काही सुचतं: पहाटे रिक्षा मिळत नाही, तेव्हा देवळातून घरी सोडायला गाडी घेऊन येतो. रात्रभर जागलेल्या माणसाने पहाटे स्वतः दुचाकी चालवू नये, हे देवाधर्माशी न जोडताही खरं आहे. किंवा पारण्याचा वरणभात आमच्याकडून. घरी म्हातारी एकटीच असेल आणि तिनेच रात्र जागवली असेल, तर सकाळी साडेसातला गरम डबा दारात येणं ही जगातल्या कुठल्याही मजकुरापेक्षा मोठी शुभेच्छा आहे.

मित्राला लिहिताना सूर बदलतो. तिथे तू असतो, थट्टा असते. थट्टेला हरकत नाही, पण दोन विनोद आता इतके झिजलेत की सोडून द्यावेत. एक, ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’च्या चालीवरचे साबुदाण्याचे, आणि दुसरा भांगेचा. भांग घेणारे घेतात, पण जो मित्र कोरड्या घशाने जपमाळ घेऊन बसणार आहे त्याला त्या दिवशी भांगेच्या पेल्याचं चित्र पाठवणं म्हणजे त्याच्या रात्रीची किंमत उतरवणं. मैत्रीत तो हसून सोडून देईल. पुढच्या वर्षी मात्र आपल्याला सांगणार नाही की मी जागतोय.

मित्रासाठी मला आवडणारा विषय आकाशातला आहे. शिवरात्रीच्या व्याधाची गोष्ट आपल्या सगळ्यांना तोंडपाठ असते. शिकारीसाठी बेलाच्या झाडावर चढून बसलेला व्याध, त्याच्या हातून नकळत पिंडीवर पडत राहिलेली पानं, पाडसांना भेटून परत येते असा शब्द देणारी हरिणी, आणि तो शब्द पाळून सगळ्या कळपाचं परत येणं. श्रीधरस्वामींनी शके १६४०मध्ये बारामतीत ‘शिवलीलामृत’ पूर्ण केलं, त्याच्या दुसऱ्या अध्यायात ही कथा आहे. गोष्टीच्या शेवटी हरिण आकाशात जातं, ते मृग नक्षत्र. त्याच्या मागे व्याधाचा तारा. यातली मौज अशी की महाशिवरात्रीला हे दोघे खरोखर डोक्यावर असतात. फेब्रुवारीच्या मध्याला रात्री आठ-सव्वाआठला मृग माथ्याजवळ येतं, त्यातले एका ओळीतले तीन तारे म्हणजे हरिणाला लागलेला बाण. ती ओळ आग्नेयेकडे वाढवली की आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा, व्याध, सापडतो. चतुर्दशीचा चंद्र पहाटेपर्यंत उगवतच नाही, त्यामुळे आकाश काळंभोर असतं. रात्र सरत जाते तसं हरिण पश्चिमेला उतरतं आणि दोनच्या पुढे मावळतं, व्याध त्याच्यामागून तीनच्या सुमारास. म्हणजे तिसरा प्रहर संपायच्या आत गोष्ट आकाशातून उतरलेली असते. शिवरात्र मार्चमध्ये आली तर हे सगळं तास-दीड तास आधी घडतं.

मग मित्राला असं लिहिता येतं:

‘आज तुझी जागरणाची रात्र. पहिली पूजा झाली की गच्चीत जाऊन मृग आणि व्याध बघून घे, दोन वाजता झोप यायला लागेल तेव्हा पुन्हा बघ, पार पश्चिमेला गेलेले असतील. मी झोपलेलाच असणार, खोटं कशाला बोलू. पूजा छान होऊ दे. उद्या दुपारी चहाला ये.’

‘मीही मनाने तुझ्यासोबत जागा आहे’ असं लिहायचा मोह होतो. लिहू नये. नाही जागणार आपण. जो जागणार आहे त्याला ते चांगलं माहीत असतं.

काही घरांत त्या वर्षी संदेश पाठवूच नये. घरात सुतक असेल तर नेहमीची पूजा होत नाही, तिथे शुभेच्छा टोचते. तिथे वाटलंच तर दोन दिवसांनी नुसती चौकशी करावी. दरवर्षी उपवास करणाऱ्या बाईने यंदा केला नसेल तर त्याची कारणं अनेक असतात, आजारपण, बाळंतपण, पाळी, किंवा नुसतंच मन नसणं. ‘यंदा नाही का?’ हा प्रश्न टाळावा आणि संदेशात ‘तुझा उपवास’ असं गृहीतही धरू नये. ठाऊक नसेल तेव्हा ‘महाशिवरात्रीची आठवण म्हणून नमस्कार’ एवढं पुरतं.

प्रत्येकाची शिवरात्र आपल्यासारखीच असते असंही नाही. पुण्या-मुंबईत राहणाऱ्या काश्मिरी पंडितांचा हा वर्षातला सगळ्यात मोठा सण, त्यांचं नाव हेरथ, आणि त्यांची मुख्य पूजा आपल्या आदल्या रात्री, त्रयोदशीला होते. घड्यात अक्रोड भिजत घालतात आणि नंतर ते आप्तांना वाटतात. अनेक घरांत त्या सणाच्या स्वयंपाकात मांसाहार असतो. अशा शेजाऱ्यांना ‘कडक उपवासाच्या शुभेच्छा’ गेल्या तर ते हसतील. ‘हेरथ मुबारक’ म्हणावं, तेही एक दिवस आधी, आणि अक्रोड आले तर घ्यावेत. विदर्भातला मित्र कदाचित खांद्यावर त्रिशूळ घेऊन पचमढीला चौरागडचा डोंगर चढत असेल. तिथे फोनला रेंज कमीच, त्याला निघायच्या आधी गाठावं. अंबरनाथच्या शिलाहारकालीन देवळासमोरच्या रांगेत उभा असलेला मित्र मात्र संदेश लगेच वाचेल, कारण रांगेत दुसरं काम नसतं.

सगळ्यात जास्त घोळ होतो परदेशातल्या नातेवाइकांच्या बाबतीत. न्यूयॉर्क फेब्रुवारीत आपल्या साडेदहा तास मागे असतं. आपल्या रविवारी दुपारी चारला, आपल्या दृष्टीने अगदी योग्य वेळी, पाठवलेला संदेश तिकडे पहाटे साडेपाचला जाऊन पडतो. तिथला सूर्य साडेपाचच्या आसपास मावळतो तेव्हा आपल्याकडे सोमवारची पहाट, चार वाजायला आलेले. म्हणजे आपल्या चौथ्या प्रहराच्या सुरुवातीला त्यांचा पहिला लागतो. आपण पारणं करून सोमवारी सकाळी सातला ‘झालं का रे पारणं?’ विचारावं, तर तिकडे रविवार रात्रीचे साडेआठ, आणि भाचा नुकताच पहिल्या पूजेवरून उठलेला. शिवाय तिथी तिथल्या मध्यरात्रीवरून पाहतात, त्यामुळे क्वचित तारीखही वेगळी येते. म्हणून तिकडच्या माणसाला आदल्या आठवड्यात एकदा विचारून घ्यावं, तुमच्याकडे कधी धरली आहे. मग आपल्या रविवारी रात्री, झोपायच्या आधी, त्यांच्या दुपारी:

‘बाळा, आमच्याकडे रात्र झाली, दुसऱ्या पूजेची तयारी चालू आहे. तुझी संध्याकाळी सुरू होईल. बेल मिळाला नसेल तर नुसतं पाणी घाल, चालतं. पूजा नीट होऊ दे. सोमवारी तुझी सकाळ झाली की फोन कर, मी जागीच असेन. मावशी.’